पाचशे शब्द

सोमवार, रात्री

निबंध संपला असं शनिवारी वाटलं होतं. आज मोजला तर 2500 शब्द. चर्चासत्राच्या अंकासाठी मर्यादा 2000 आहे आणि एकही शब्द जास्त चालणार नाही, असं स्पष्ट कळवलंय. म्हणजे पाचवा हिस्सा काढायचा.

विषय केशवसुतांची ‘तुतारी’. मालगुंड आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लहानपणापासून ही कविता कानावर आहे, म्हणून तिच्याबद्दल लिहिताना हात सैल सुटला असणार.

संध्याकाळी दोन तास बसून प्रत्येक वाक्यातून एखाददुसरा शब्द काढत गेले. 61 शब्द कमी झाले आणि मजकूर लंगडा झाला. त्याहून वाईट गोष्ट वाचून पाहिल्यावर लक्षात आली. ‘ही मागणी बहुधा वाचकांकडे आहे’ या वाक्यातला ‘बहुधा’ मी काढला होता. एका शब्दाची बचत झाली, पण मला सिद्ध करता येणार नाही असं विधान मी ठामपणे करून बसले. सगळे बदल परत घेतले. पुन्हा 2500.

मंगळवार

सकाळी गडी पेंढा घालून आंब्याच्या पेट्या भरत होते, त्यामुळे पडवीत जागा नव्हती. माडीवर जाऊन बसले. आज मजकुराला हात लावायचा नाही, असं आधीच ठरवलं होतं. एका कोऱ्या कागदावर माझं म्हणणं लिहून काढलं:

‘तुतारी’तला बंडखोर एकटा नाही. त्याच्याकडे वाद्यच नाही. ते तो लोकांकडे मागतो, श्वास तेवढा स्वतःचा घालतो, आणि मग त्याच लोकांना हाक देतो.

एवढंच. हे लिहायला पाऊण तास लागला, कारण आधीच्या तीन प्रयत्नांत ‘सामाजिक जाणीव’, ‘आधुनिकता’ असे शब्द येत होते आणि ते कुठल्याही कवितेला लावता आले असते.

मग निबंधाचे अकरा परिच्छेद घेतले आणि प्रत्येकाशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं, हा परिच्छेद त्या म्हणण्यासाठी काय काम करतो. तो काय सांगतो हे लिहायचं नाही, काय करतो ते लिहायचं. पहिल्या परिच्छेदाशेजारी काहीच लिहिता येईना. त्यात 1866 चा जन्म होता, दामले घराणं, मास्तरकी, 1905 साली हुबळीला प्लेगने आलेला मृत्यू, मालगुंडचं घर, त्याचं अंगण. सगळं खरं आणि मी जीव लावून लिहिलेलं. तीनशे शब्द. पण ‘तो तुतारी लोकांकडे मागतो’ हे त्यातल्या एकाही वाक्याशिवाय तसंच उभं राहतं.

दुपारी तो परिच्छेद 80 शब्दांवर आणला. कविता 1893 ची आहे, कवी मालगुंडचा, आणि ती नेहमी एकट्या वीराची गर्जना म्हणून वाचली जाते, एवढं राहिलं. त्यातलं शेवटचं वाक्य खरं महत्त्वाचं. मी ज्या समजुतीविरुद्ध बोलणार आहे ती वाचकाला आधी माहीत हवी. ते वाक्य पहिल्या मसुद्यात अंगणाच्या वर्णनाखाली गाडलं गेलं होतं.

मंगळवार, रात्री

समासातल्या नोंदी पुन्हा वाचल्या. चौथ्या आणि सहाव्या परिच्छेदाशेजारी जवळजवळ तेच लिहिलंय: ‘मागणी दाखवतो’. चौथ्यात ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ ही ओळ घेतली होती. सहाव्यात तीच ओळ पुन्हा घेऊन पुढचं कडवं पूर्ण उतरवलं होतं. उतरवलेल्या ओळींचे शब्दही मर्यादेत मोजले जातात, आणि दोनदा दिलेला पुरावा काही दुप्पट होत नाही.

दोन्ही परिच्छेद एकत्र केले. कुठली ओळ ठेवायची हे ठरवताना प्रत्येक ओळ हाताने झाकून पाहिली. ‘भेदुनि टाकिन सगळीं गगनें’ झाकली तर माझं म्हणणं तसंच राहिलं. ‘फुंकिन मी जी स्वप्राणाने’ झाकली तर अर्धं गेलं. वाद्य लोकांचं आणि प्राण त्याचा, हा जोड त्या एकाच शब्दावर टेकलेला आहे. तो नसेल तर उरतो फक्त मागणारा माणूस, आणि मला तसं म्हणायचं नाही. गगनांची ओळ गाळली, स्वप्राणाची ठेवली. इथे नव्वद शब्द वाचले.

एकत्र करताना एक वाक्य अधांतरी राहिलं होतं: ‘हीच मागणी पुढे आज्ञेचं रूप घेते.’ ‘हीच’ म्हणजे कुठली? तिचा आधार असलेलं वाक्य मीच काढून टाकलं होतं. मोठा भाग गाळला की पुढच्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य मोठ्याने वाचावं. ‘हा’, ‘तो’, ‘त्यामुळे’, ‘म्हणूनच’ हे शब्द कशाला धरून आहेत ते तिथे कळतं.

आता 2190.

बुधवार

आज माझी चूक झाली, ती नीट लिहून ठेवते.

आठवा परिच्छेद आक्षेपाचा होता. कुणी म्हणेल, ‘द्या’ ही नुसती कवितेची रीत आहे, त्यावरून समोर लोक आहेत असं कसं धरायचं? त्याला मी दिलेलं उत्तर तिथे होतं. 140 शब्द. मला वाटलं, हे माझं म्हणणं नाही, दुसऱ्याचं आहे, तेव्हा काढायला हरकत नाही. काढलं. 2050.

मग उरलेले पन्नास वाक्यावाक्यातून काढले, आणि आज ते सहज निघाले. एक वाक्य असं होतं: ‘या कवितेच्या संदर्भात विचार केला असता असे दिसून येते की कवी हा लोकांकडे तुतारीची मागणी करताना दिसतो.’ सतरा शब्द. आता ते आहे: ‘इथे कवी लोकांकडे तुतारी मागतो.’ पाच. ‘दिसून येते’, ‘असे म्हणता येईल’, ‘करण्यात आलेली आहे’ यांच्या मागे दडलेलं क्रियापद बाहेर काढलं की वाक्य आपोआप आखूड होतं. ‘बहुधा’ मात्र यावेळी कुठेही काढला नाही. विभक्तीचे आणि शब्दयोगी अव्ययांचे मधे तुटलेले शब्द (‘कविते मध्ये’ असं टाइप झालं होतं) जोडले, त्यातून नऊ कमी झाले.

2000 झाले. बरोबर.

संध्याकाळी आमसुलं गोळा करताना काकूला वाचून दाखवलं. तिने ‘तुतारी’ शाळेत म्हटलीय, पण माझा निबंध पाहिलेला नाही. वाचून झाल्यावर मी विचारलं, “मी काय म्हणतेय ते तुझ्या शब्दांत सांग.” ती म्हणाली, “तो लोकांकडं तुतारी मागतोय असं तू म्हणतेस. पण अगो, देवाकडं मागत असेल की. ते कशावरून नाही?”

त्याचं उत्तर निबंधात होतं, आज सकाळपर्यंत. आज दुपारी मीच ते काढलं होतं. आक्षेप वाचकाच्या मनात येणारच, तो कागदावरून पुसून जात नाही. उत्तर तेवढं जातं.

काकूला तोंडी सांगायला लागले, तर तीच मधे म्हणाली, “हां, देवाला कुणी द्या म्हणत नाही. गणपतीला आपण दे म्हणतो.” हे माझ्या 140 शब्दांत नव्हतं!

गुरुवार, पहाटे

झोप लागेना. उठून आक्षेपाचा परिच्छेद पुन्हा लिहिला. जुना परत आणला नाही, कारण त्यातला निम्मा भाग आक्षेप सौम्य करण्यात गेला होता.

आता त्यात तीन गोष्टी आहेत. देवाला मराठीत एकवचनात हाक मारतात. वृत्ताने ‘द्या’ भाग पाडलेला नाही: ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ या ओळीत सोळा मात्रा भरतात, आणि ‘द्या’च्या जागी ‘दे’ ठेवलं तरी सोळाच राहतात, कारण दोन्ही अक्षरं दोन मात्रांची आणि आधीची ‘री’ दीर्घच आहे. म्हणजे अनेकवचन कवीने निवडलेलं आहे. आणि तिसरी, सर्वांत भक्कम: पुढे ‘जाळुनि किंवा पुरुनि टाका’, ‘सावध! ऐका पुढल्या हाका!’ इथे तेच अनेकवचन येतं. जुनं जाळायला किंवा पुरायला देवाला कुणी सांगत नाही. ज्यांच्याकडे तुतारी मागितली त्यांनाच हे सांगितलंय.

शंभर शब्द. 2100 झाले. आता शंभर कुठून आणायचे?

उत्तर मला मंगळवारपासून माहीत होतं. नववा परिच्छेद केशवसुतांच्याच ‘सतारीचे बोल’ या कवितेवर आहे. तिथेही वाद्य आहे, तिथेही काळोख आहे, आणि तो परिच्छेद मला सगळ्या निबंधात सर्वांत आवडतो. समासात मी त्याच्याशेजारी लिहिलं होतं: ‘वाद्य हे प्रतीक’. पण ते काम नव्हतं, विषय होता. त्या कवितेतला माणूस ऐकणारा आहे. तो कुणाकडे काही मागत नाही, कुणाला काही करायला सांगत नाही. दोन कवितांत वाद्य आहे एवढ्याने माझं म्हणणं पुढे सरकत नाही.

केशवसुतांचीच ‘नवा शिपाई’ ही कविता ठेवायला मात्र कारण आहे. ‘कोण मला वठणीला आणूं शकतो तें मी पाहें!’ म्हणणारा आव्हान देतो, हातात काही मागत नाही. तो शेजारी उभा केला की ‘तुतारी’तली मागणी वेगळी उठून दिसते. तुलनेसाठी घेतलेली दुसरी कविता फरक दाखवत असेल तर ती पुरावा आहे. नुसतं साम्य दाखवत असेल तर बहुतेक वेळा ती सजावट असते, असं मला आता वाटतंय.

‘सतारीचे बोल’चे 130 शब्द काढले. 1970.

गुरुवार, दुपार

तीस शब्द हातात उरले. ते खर्च करायला जागा शोधली नाही, समासातल्या नोंदी नव्याने लिहिल्या. आता नऊ परिच्छेद आहेत. नोंदी ओळीने वाचल्या तर म्हणणं पायरी पायरीने चढतं, फक्त ‘नवा शिपाई’कडून शेवटाकडे जाताना एक पायरी निसटते. तिथे एक वाक्य घातलं: ‘शिपायाला कुणाची गरज नाही, तुतारीवाल्याला आहे, आणि म्हणूनच त्याच्या हाकेत इतरांना जागा आहे.’ बाकी आठ शब्द शेवटच्या परिच्छेदात गेले. 1991.

काकूला पुन्हा वाचून दाखवलं. यावेळी तिने देवाचं विचारलं नाही. “मग त्याला कुणी आणून दिली का तुतारी?” असं विचारलं. कविता ते सांगत नाही, आणि माझ्या निबंधातही ते नाही.

‘सतारीचे बोल’चा परिच्छेद वेगळ्या वहीत चिकटवून ठेवलाय. त्याच्याशेजारी लिहिलंय: ऐकणारा बोलायला कधी लागतो?