कवळी सैल झाली तेव्हा

बोलताना खालची कवळी उचलली जायला लागली, म्हणून मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "कवळीला काही झालेलं नाही. गाल बसलेत तुमचे. शेवटचं वजन कधी केलं होतं?"

घरी येऊन जुनी फाइल काढली. सात महिन्यांपूर्वी ६४ किलो होतं, आता काटा ५८ वर थांबला. मी इतके दिवस समजत होते की कवळी टोचते म्हणून जेवण कमी झालंय. पोटात उजवीकडे खाली जडपणा वाटायचा, जेवल्यावर गुरगुरायचं, पण ते अ‍ॅसिडिटीच्या खात्यात टाकलं होतं. वय ६८, त्यामुळे 'आता एवढं चालायचंच' हे उत्तर तयारच होतं.

फिजिशियननी ते मान्य केलं नाही. सहा ते बारा महिन्यांत मुद्दाम काही न करता पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, तर कारण शोधायलाच हवं, असं ते म्हणाले. माझं नऊ टक्क्यांच्या वर उतरलं होतं. मग प्रश्न सुरू झाले. घास अडकतो का? दोन घासांतच पोट भरतं का? दुखणं पाठीत जातं का, अंगाला खाज सुटते का, डोळे पिवळे झालेत का, साखर नव्यानेच वाढलीय का? शौचाची सवय बदलली का? मी विचारलं तेव्हा त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की पहिला प्रश्न अन्ननलिकेसाठी, दुसरा जठरासाठी, मधले सगळे स्वादुपिंड आणि पित्तनलिकेसाठी, शेवटचा मोठ्या आतड्यासाठी. "थायरॉइड किंवा मनाची उदासी हेही कारण असू शकतं, तेही बघू. पण तुमच्या वयात या चार ठिकाणचा कॅन्सर नाही, हे आधी ठरवायचं."

माझं जवळजवळ प्रत्येक उत्तर 'नाही' होतं. रक्ताच्या रिपोर्टने मात्र दिशा दाखवली. हिमोग्लोबिन ९.९, पेशी आकाराने लहान आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त ६. पाळी जाऊन वीस वर्षं झालेल्या बाईचं लोह असं संपत असेल, तर कुठेतरी थेंबथेंब रक्त जातंय आणि तसं जाण्याची नेहमीची जागा म्हणजे पचनमार्ग. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचून मी खूश झाले होते. डॉक्टरांनी त्यातल्या एका ओळीखाली पेनाने रेघ मारली: आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही. "म्हणजे स्वादुपिंड चांगलं आहे असं नव्हे, ते बघितलंच गेलेलं नाही." त्यासाठी सीटी स्कॅन करावा लागणार होता.

त्याआधी एकाच दिवशी वरून आणि खालून दुर्बीण ठरली. जठरात थोडी सूज निघाली. कोलोनोस्कोपी मात्र अर्ध्यात थांबवावी लागली, आणि त्यात चूक माझी होती. तयारीच्या कागदावर लोहाच्या गोळ्या सात दिवस आधी बंद करा, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी पोट साफ करायच्या औषधाचं तेवढं वाचलं आणि गोळ्या आदल्या दिवसापर्यंत घेत राहिले. लोहामुळे मळ काळा आणि चिकट होतो, आतड्याच्या भिंतीला धरून बसतो. भिंतच दिसेना.

मुलगा म्हणाला, "आई, जठराची सूज सापडलीच ना, मग परत कशाला?" मलाही तेच हवं होतं. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा सुजेने फेरिटिन ६ वर येत नाही. बारा दिवसांनी पुन्हा गेले, या वेळी कागद दोनदा वाचून.

मोठं आतडं जिथे सुरू होतं त्या सीकममध्ये चार सेंटिमीटरची गाठ होती. बायोप्सीत कॅन्सर निघाला. इतकी मोठी गाठ असून शौचाची तक्रार कशी नाही, हे मला कळेना. सर्जननी कागदावर आतडं काढून दाखवलं: उजव्या बाजूला ते रुंद असतं आणि आतला मळ पातळ, त्यामुळे अडत काहीच नाही. रक्त जातं तेही थोडंथोडं, मळात मिसळून, डोळ्यांना दिसत नाही. डाव्या बाजूला असती तर कदाचित बद्धकोष्ठाने किंवा ताज्या रक्ताने लवकर कळलं असतं.

सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंड आणि यकृत स्वच्छ निघाले. शस्त्रक्रियेत आतड्याचा उजवा भाग काढला, सोबतच्या १९ लसिका ग्रंथी तपासल्या, एकीतही पसरलेलं नव्हतं. माझ्या रिपोर्टवरून केमोची गरज नाही, असं ठरलं.

आता दर काही महिन्यांनी तपासणी असते आणि शस्त्रक्रियेला वर्ष झालं की पुन्हा कोलोनोस्कोपी. लोहाच्या गोळ्या अजून चालू आहेत. त्या तारखेच्या सात दिवस आधीच्या चौकोनात, कॅलेंडरवर, लाल पेनाने 'गोळी बंद' लिहून ठेवलंय.