आमची वाटचाल : ‘त्याने’ म्हणजे कोणी?

आमची अनुवादसंस्था लहान आहे. पुण्यात दोन खोल्या, चार माणसे आणि गरजेप्रमाणे बाहेरून मदत करणारे सहा-सात जण, एवढाच आमचा पसारा. सुरुवातीची काही वर्षे आम्ही शब्दांच्या संख्येवर पैसे घेत होतो आणि इंग्रजीत जे येईल ते मराठीत करून वेळेवर परत पाठवत होतो. इंग्रजी मजकूर अनुवादाआधी दुरुस्त करणे हे आमचे काम आहे, असे तेव्हा आम्हाला वाटत नव्हते. आज आमच्या बिलात त्यासाठी वेगळी ओळ असते आणि तिचा हिशेब तासांवर होतो. हा बदल तीन वाक्यांच्या एका सूचनेमुळे झाला.

चाकणच्या एका कारखान्याला प्रेस मशीनशेजारी लावण्यासाठी मराठी फलक हवा होता. दुरुस्तीचे काम चालू असताना कोणी चुकून वीज सुरू करू नये म्हणून पॅनेलला कुलूप लावण्याची पद्धत असते, तिच्याविषयीचा तो मजकूर होता. मूळ इंग्रजी असे : ‘द ऑपरेटर शुड शो द इलेक्ट्रिशियन द पॅनेल. ही विल स्विच इट ऑफ, पुट हिज लॉक ऑन इट अँड कीप द की विथ हिम. ही मस्ट नॉट रिमूव्ह इट अंटिल ही टेल्स हिम दॅट ही हॅज फिनिश्ड.’

आम्ही केलेला अनुवाद व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होता : ‘चालकाने विद्युत कामगाराला पॅनेल दाखवावे. त्याने ते बंद करावे, त्यावर आपले कुलूप लावावे आणि किल्ली स्वतःजवळ ठेवावी. काम झाल्याचे त्याने सांगेपर्यंत त्याने ते काढू नये.’ फलक छापला गेला, भिंतीवर लागला आणि दोन महिन्यांनी तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांनी कामगारांकडून सगळी कृती करून दाखवायला सांगितले होते. तेव्हा वायरमन मशीनच्या मागच्या बाजूला वाकलेला होता आणि किल्ली ऑपरेटरच्या खिशात होती. ऑपरेटरने फलकाकडे बोट दाखवून, “इथे असेच लिहिले आहे,” असे सांगितले. सुदैवाने हे सारे प्रात्यक्षिकात घडले.

ऑपरेटरचे काही चुकले नव्हते. मराठीत पहिल्या वाक्याचा कर्ता ‘चालकाने’ असेल आणि दुसरे वाक्य ‘त्याने’ने सुरू झाले, तर वाचणारा तोच कर्ता पुढे चालू आहे असे धरतो. या कुलूपपद्धतीचा मूळ नियम मात्र उलट आहे. ज्याचे हात मशीनमध्ये आहेत त्याचेच कुलूप, त्याच्याच खिशात किल्ली आणि काढणाराही तोच. इंग्रजी लिहिणाऱ्याला हा नियम पाठ असल्यामुळे त्याच्या डोक्यात ‘ही’ म्हणजे वायरमन हे पक्के होते आणि कागदावर ते कुठेही उमटले नव्हते.

‘आपले कुलूप’ हा दुसरा दोष पूर्णपणे आमचा होता. ‘आपला’ हे रूप कर्त्याकडे वळते, हे व्याकरण आम्हाला ठाऊक होते. पण भिंतीवरच्या सूचनेत ‘आपले’ म्हणजे ‘तुमचे’ असाही आदरार्थी अर्थ निघतो. ‘आपले सामान सांभाळा’ हे वाचत मोठा झालेला माणूस ‘आपले कुलूप’ हे शब्द स्वतःला उद्देशून आहेत असे समजणारच. तिसऱ्या वाक्यातला ‘ते’ तर आणखी घोटाळ्याचा होता, कारण मराठीत पॅनेलही ते आणि कुलूपही ते. किल्ली स्त्रीलिंगी असल्यामुळे तेवढी एकटी वाचली. मराठीत वस्तूंना लिंग असल्याने इंग्रजीतला ‘इट’चा गोंधळ पुष्कळदा आपोआप सुटतो, मात्र दोन्ही वस्तू एकाच लिंगाच्या निघाल्या की तो जसाच्या तसा राहतो, आणि हे अनुवाद करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्या फलकाचा मजकूर आम्ही पुन्हा हाती घेतला, तेव्हा पहिल्यांदा मराठीला हात न लावता इंग्रजीच समोर ठेवले. कागदावर मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक सर्वनामाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि तिथून ते ज्या नामाकडे जाते त्या नामापर्यंत बाण ओढला. जिथे बाण दोन ठिकाणी जाऊ शकत होता तिथे प्रश्नचिन्ह घातले. शेवटच्या एका वाक्यात पाच सर्वनामे होती आणि त्यातल्या चारांवर प्रश्नचिन्ह आले. ऑपरेटरने सांगेपर्यंत वायरमनने कुलूप काढायचे नाही, वायरमनने सांगेपर्यंत ऑपरेटरने काढायचे नाही, की वायरमनने आधी ऑपरेटरला सांगायचे आणि मग स्वतःच काढायचे, असे तीन अर्थ त्या वाक्यातून सरळ निघत होते.

प्रश्न कसा विचारावा हेही आम्ही अनुभवाने शिकलो. ‘कृपया खुलासा करावा’ असे लिहिले की बहुतेक वेळा ‘मजकुराप्रमाणे घ्यावे’ असे उत्तर येते, कारण लिहिणाऱ्याला स्वतःचे वाक्य स्वच्छच दिसत असते. म्हणून आम्ही निघणारे अर्थ नावांसह पूर्ण वाक्यांत लिहून पाठवतो आणि योग्य वाक्यासमोर खूण करायला सांगतो. सुरक्षा अधिकाऱ्यांनी तिसऱ्या अर्थावर खूण करून कागद तासाभरात परत पाठवला. त्यानंतर आम्ही इंग्रजी पुन्हा लिहिले. ते दिसायला ओबडधोबड होते, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘द इलेक्ट्रिशियन’ किंवा ‘द ऑपरेटर’ अशी होती. पण हे इंग्रजी कोणी फलकावर वाचणार नव्हते, ते केवळ अनुवादासाठी होते.

हे लिहिताना एक गोष्ट उघडी पडली. कुलूप काढल्यानंतर पॅनेल पुन्हा सुरू कोणी करायचे, हे मूळ मजकुरात नव्हतेच. ‘ही’च्या रांगेत ते कोणाच्या लक्षात आले नव्हते, नावे घालायला बसल्यावर शेवटच्या कृतीसमोर घालायला नाव सापडेना. आम्ही विचारले, तेव्हा कारखान्यातही त्याविषयी दोन मते असल्याचे कळले आणि त्यांना आधी आपसांत ते ठरवावे लागले. त्यांनी ते काम वायरमनकडे दिले.

अखेरचा मराठी मजकूर असा झाला : ‘ऑपरेटरने वायरमनला पॅनेल दाखवावे. वायरमनने पॅनेल बंद करावे, त्यावर स्वतःचे कुलूप लावावे आणि त्या कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. ऑपरेटरने या कुलपाला हात लावू नये. काम संपल्यावर वायरमनने तसे ऑपरेटरला सांगावे. त्यानंतर वायरमनने स्वतःचे कुलूप स्वतः काढावे आणि पॅनेल सुरू करावे.’ यात ‘वायरमन’ चार वेळा आला आहे. शाळेत निबंध लिहिताना एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये असे आपल्याला शिकवतात, पण भिंतीवरचा फलक माणूस बहुधा मधूनच वाचतो. म्हणून आम्ही आधीची वाक्ये कागदाने झाकून प्रत्येक वाक्य एकटे वाचून पाहतो आणि तसेही ते कळले तरच पुढे जातो. ‘विद्युत कामगार’ हा शब्द मात्र आम्ही लाजेने काढला. तिथे कोणीही तो उच्चारत नव्हते. नाव लिहिण्याचा आणखी एक फायदा असा की ‘ऑपरेटरने’ लिहिल्यावर ऑपरेटर पुरुष की स्त्री हा प्रश्न उरत नाही. त्या कारखान्यात जुळणीच्या लाइनवर बायका होत्या आणि ‘त्याने’ हा शब्द त्यांना वगळत होता.

लिंगाचा हा प्रश्न हिंदीत सहसा येत नाही. ‘उसने’ पुरुषालाही चालते आणि स्त्रीलाही, त्यामुळे एकच मजकूर दोन्ही भाषांत जातो तेव्हा हिंदीचा अनुवादक काही न विचारता पुढे जातो आणि आम्ही मात्र शंका काढत बसलेले दिसतो. ‘आपल्याच लोकांना का एवढे प्रश्न पडतात?’ असे एका ग्राहकाने आम्हाला विचारले होते. मराठीत ‘त्याने’ किंवा ‘तिने’ यांपैकी एक लिहावेच लागते, आणि ते टाळायला ‘त्यांनी’ लिहिले तर एक माणूस की अनेक, हेही हरवते, एवढे समजावून सांगितल्यावर त्यांनी पुन्हा तसे विचारले नाही.

‘त्यांनी’चा अतिरेक कसा होतो याचा नमुना एका कार्यालयाच्या ओळखपत्राच्या नियमात मिळाला. ‘इफ ॲन एम्प्लॉयी लूजेस देअर कार्ड, दे शुड इन्फॉर्म देअर सुपरवायझर अँड दे विल ब्लॉक इट.’ आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाने लिहिले, ‘त्यांनी त्यांच्या सुपरवायझरना कळवावे आणि ते ते बंद करतील.’ ‘ते ते’ मोठ्याने वाचल्यावर सगळे हसलो, पण त्याने मूळ वाक्याशी इमान राखले होते. सरकारी वळणाची सवय असलेल्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘संबंधितांनी बंद करावे’ असा तोडगा सुचवला. हा शब्द मला मान्य नाही, कारण त्यात काम कोणाच्याच अंगावर पडत नाही. विचारल्यावर कळले की कार्ड सुपरवायझर बंद करतच नाही, सुरक्षा विभाग करतो. त्या विभागाचे नाव मूळ इंग्रजीत नव्हते.

‘वुई’साठी आम्ही वेगळा खडू ठेवला आहे. सोसायट्यांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेने लिहिले होते की रविवारी ‘वुई’ टाक्या धुणार असल्याने शनिवारी ‘वुई’ पाणी भरून ठेवायला हवे. पहिली ‘वुई’ म्हणजे संस्था आणि दुसरी म्हणजे रहिवासी. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे असल्याने दोन्हीकडे ‘आम्ही’ गेले असते, तर रहिवाशांनी संस्था आपल्यासाठी पाणी भरणार असा अर्थ घेतला असता. म्हणून पहिल्या ठिकाणी संस्थेचे नाव आणि दुसऱ्या ठिकाणी ‘रहिवाशांनी’ असे आम्ही करून घेतले.

या कामाला मर्यादाही आहेत. वकिलांनी मंजूर केलेल्या मजकुरात आम्ही बदल करत नाही. मूळ मंजूर प्रत तशीच राहते आणि आमची नावे घातलेली प्रत ‘अनुवादासाठी’ असा शिक्का मारून स्वतंत्र राहते. तिच्यावर ग्राहकाची सही घेतल्याशिवाय मराठी सुरू होत नाही. कधी कधी संदिग्धता मुद्दाम ठेवलेली असते. नुकसानभरपाई कोण ठरवणार हे पत्र लिहिणाऱ्याला सांगायचेच नसते. तिथे आम्ही एकदा विचारतो आणि ‘तसेच ठेवा’ असे उत्तर लेखी आले की मराठीतही ‘ठरविण्यात येईल’ असेच लिहितो.

चाकणचे ते सुरक्षा अधिकारी आता सर्वनामे काळजीपूर्वक टाळून इंग्रजी लिहितात. गेल्या महिन्यात त्यांच्याकडून आलेल्या अर्ध्या पानात एकही ‘ही’ नव्हता. ‘द सेम’ चार ठिकाणी होते, आणि चारही ठिकाणी आम्हाला बाण ओढावे लागले.