‘JAMIN AAPLI ZALI!!!!!’ आणि फलकावरची सूचना

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सचिवांचा मेसेज पडला: ‘JAMIN AAPLI ZALI!!!!! CONGRATS ALL!!!’ देवनागरीत कॅपिटल अक्षरं नसल्यामुळे एरवी मराठीत लिहिणारे हे काकाही ओरडायचं झालं की रोमनमध्ये शिरतात. तासाभरात पेढ्यांची चर्चा सुरू झाली, कोणी ‘रीडेव्हलपमेंट कधी???’ असंही विचारलं. संध्याकाळी अध्यक्ष मला म्हणाले, “तू नीट लिहितेस, फलकावर सूचना लाव.”

मी उद्गारचिन्हं काढली आणि लिहिलं, ‘सोसायटीची जमीन आपल्या नावावर झाली आहे.’ वाक्य शांत झालं, पण खरं आहे का? काकांना फोन केला. “काका, तुमच्या हातात नेमका कागद कोणता आहे?” त्यांनी फोटो पाठवला. तो जिल्हा उपनिबंधकांचा मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश होता, म्हणजे आपण ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो तो. बिल्डर खरेदीखत करून देत नव्हता, म्हणून सोसायटीने 1963 च्या मोफा, म्हणजे सदनिकांच्या मालकीबाबतच्या कायद्याखाली अर्ज केला होता आणि तो मंजूर झाला. मात्र मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेणं, मग दुय्यम निबंधकांकडे दस्ताची नोंदणी आणि शेवटी मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव, हे सगळं बाकी होतं. काकांच्या त्या पाच उद्गारचिन्हांनी तीन कचेऱ्या गिळल्या होत्या.

मग पुन्हा लिहिलं:

‘आपल्या सोसायटीचा मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज मंजूर झाला असून आदेशाची प्रत कार्यालयात पाहता येईल. मुद्रांक, दस्तनोंदणी आणि मिळकत पत्रिकेवरील नोंद ही कामे अद्याप बाकी आहेत. सध्या सभासदांनी कोणतीही रक्कम भरायची नाही. खर्चाचा विषय सर्वसाधारण सभेत घेतला जाईल.’

रकमेचं वाक्य मुद्दाम घातलं. सरकारी भाषेतली सूचना दिसली की लोकांचा हात आधी खिशाकडे जातो.

अध्यक्षांनी वाचलं आणि म्हणाले, “अगं, ही आनंदाची बातमी आहे की नळ बंदची नोटीस?” बरोबर होतं त्यांचं. मी पुन्हा ग्रुप चाळला. त्या गोंधळात एक खरी गोष्ट दडली होती: ‘KAKU NASTYA TAR KAHICH ZALA NASTA!!!’ अर्जासाठी सदनिकांच्या करारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे करार नोंदवल्याचा उतारा लागतो आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी ते उतारे दारोदार फिरून जमवले होते. म्हणून अगदी वर ‘कळविण्यास आनंद होतो की’ घातलं आणि खाली एक ओळ जोडली: ‘32 सदनिकांच्या सूची क्रमांक दोनच्या प्रती गोळा केल्याबद्दल काकूंचे आभार.’ ‘अथक परिश्रम’ वगैरे लिहिलं नाही. बत्तीस दारं म्हटल्यावर जिने चढणं आलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू खाली आल्या, चष्मा लावून सूचना वाचली आणि म्हणाल्या, “बत्तीस नव्हे, एकतीस. तिसऱ्या मजल्यावरच्यांची अजून यायचीय.”

मी पेनाने दुरुस्ती केली आणि शेजारी सही केली.