फुस्स झालेली बरणी

शहापुरात माझं डब्यांचं स्वयंपाकघर आहे. रोज साठेक डबे जातात, म्हणजे आलं-लसूण पेस्ट हा आमचा रोजचा खर्च. दर रविवारी दोन किलो सोललेला लसूण आणि दोन किलो आलं वाटायचं, शंभर ग्रॅम मीठ घालायचं, वरून बोटभर तेलाचा थर द्यायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. आईपासून असंच चालत आलंय. फरक एवढाच की आई पावशेर वाटायची आणि ते तीन दिवसांत संपायचं.

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला आणि रात्रभर लाइट गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बरणीचं झाकण फिरवलं तर सोड्याच्या बाटलीसारखं फुस्स झालं. तेलातून बारीक बुडबुडे वर येत होते. वास जरा आंबूस, पण वाईट म्हणण्यासारखा नाही. रंग छान पांढरट.

"तेल हाय की वरून, कशाला खराब हुईल?" माझ्या हाताखालच्या मावशी म्हणाल्या. "आणि शिजवल्यावर सगळं मरतंय."

तीनेक किलो माल होता. पोटात गोळा आला, पण हातही धजेना. भाची धारवाडला अन्नविज्ञान शिकते, तिला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न: "आत्या, मीठ किती?"

शंभर ग्रॅम ऐकून ती हसली. चार किलो पेस्टमध्ये शंभर ग्रॅम म्हणजे वजनाच्या अडीच टक्के. लोणच्याचं मीठ एवढं कमी नसतं. शिवाय मीठ पेस्टच्या वजनावर नाही, तिच्यातल्या पाण्यावर काम करतं. लसणात दहा भागांतले सहा भाग पाणी, आल्यात आठ. म्हणजे आमच्या चार किलोत जवळपास 2.8 किलो पाणी होतं आणि त्यात माझं मीठ साडेतीन टक्क्यांच्या आतच. एवढ्या मिठात आंबवणारे जंतू मजेत वाढतात. बुडबुडे त्यांचेच.

"ते त्यातल्या त्यात साधे," ती म्हणाली. "भीती दुसऱ्याची आहे." लसूण मातीतला, त्याच्यावर बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूची बीजं असू शकतात. हा जंतू हवा नसली की वाढतो, आणि तेलाचा थर नेमकी हवाच अडवतो. वरची बुरशी, काळपटपणा तेलाने थांबतो हे खरं, पण खाली त्याला हवी तशी जागा होते. लसूण-आलं तेवढं आंबट नसतं की ते त्याला रोखेल. त्याचं विष वासाला किंवा रंगाला कळेलच असं नाही. दहा मिनिटं खळखळून उकळलं तर विष मोडतं, पण बीजं उरतात. आणि आमची पेस्ट चटणीत कच्चीही पडते. बरणी ओतायला लागली. मावशींचा चेहरा बघवत नव्हता.

मग नवं प्रमाण ठरलं. चार किलोला चारशे ग्रॅम मीठ, म्हणजे वजनाच्या दहा टक्के. पाण्याच्या मानाने ते साधारण 12 टक्के होतं आणि तिथे तो जंतू वाढत नाही. मीठ वाटतानाच घालायचं, वरून पसरायचं नाही, नाहीतर तळात फिकी पेस्ट राहते. वाटताना पाणी नाही. मिक्सर अडला तर दोन चमचे तेल. ही पेस्ट फ्रिजात ठेवून आम्ही महिनाभरात संपवतो, आणि कोरडाच चमचा घालतो. ज्यांना मीठ कमी हवं त्यांनी घरी थोडीच वाटावी, फ्रिजात तीन-चार दिवसांत संपवावी, उरलेली बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावी. तीनेक महिने चवीला चांगली राहते. व्हिनेगरचाही मार्ग आहे, पण किती घातलं की पुरेसं आंबट झालं हे घरी मोजता येत नाही, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

नव्या पेस्टचा पहिला दिवस मात्र फसला. शंभर ग्रॅम पेस्टमध्ये नऊ ग्रॅम मीठ येतं, हे मी मावशींना सांगायचं विसरले. त्यांनी आमटीत पेस्टही घातली आणि सवयीने मूठभर मीठही. दुपारी एक वाजल्यापासून फोन सुरू झाले. आता बरणीवर तारखेच्या खाली जाड अक्षरात लिहिलंय: 'मीठ आहे'. मावशींना मराठी वाचता येत नाही, म्हणून खाली कन्नडमध्येही: 'उप्पु इदे'.