वर्ध्याची किल्ली

मारबतीनंतरचा रविवार

नागपूरच्या इतवारीतली गर्दी ओसरली आणि आमच्या मसाल्याच्या दुकानात जरा शांतता आली. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, गल्ल्याशेजारी बसल्या बसल्या पुन्हा विषय काढला, "दसऱ्याला वर्ध्यात नवं दुकान टाकू. काहून थांबून राहिली तू?"

थांबले आहे, कारण वर्ध्याहून येणारी गिऱ्हाइकं म्हणजे वर्ध्यातला धंदा नव्हे. दर महिन्याला कुणी ना कुणी म्हणतं, "ताई, आमच्याकडे काढा ना दुकान." ते ऐकून छान वाटतं. पण ही माणसं आत्ताही आमच्याचकडून माल नेतात. वर्ध्यात दुकान काढलं तर त्यांची पावलं इकडून तिकडे वळतील, एकूण विक्री तेवढीच राहील आणि भाडं मात्र दोन जागांचं भरावं लागेल.

उमरेडचाही विचार केला होता. अंतराने ते जवळ पडतं. पण तो भिवापुरी मिरचीचा मुलूख. तिथे घरच्या नाहीतर ओळखीच्या शेतातली मिरची येते आणि बाया स्वतः कांडून आणतात. त्यांना मी तिखट काय विकणार? वर्ध्यात नोकरदार घरं आहेत, रेल्वेतली आहेत, शिक्षक आहेत. सावंगी आणि सेवाग्रामच्या कॉलेजांमुळे विद्यार्थीही भरपूर, पण त्यांना मी हिशेबात धरलेलंच नाही. खोली करून राहणारी पोरं मेसमध्ये जेवतात, मसाला विकत घेत नाहीत. शहरात माणसं किती, यापेक्षा चुली किती पेटतात, हे माझ्यासाठी महत्त्वाचं.

म्हणून दुकान न काढता आधी एक टेबल लावायचं ठरवलं. ओळखीच्या एका किराणावाल्या दादांनी त्यांच्या ओट्यावर दर रविवारी जागा द्यायचं कबूल केलं आहे, विक्रीवर दहा टक्के घेऊन. आठ रविवार बसायचं. माल पाचच प्रकारचा: तिखट, सावजी मसाला, काळा मसाला, हळद, धणेपूड. पुड्या फक्त १०० ग्रॅमच्या. कुणाला जास्त हवं असेल तर त्यांनी मागावं, आपण आग्रह करायचा नाही.

तिसरा रविवार

पहिल्या रविवारी ५,८०० रुपये झाले, दुसऱ्या रविवारी ६,१००. मामाजींनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. आज २,९०० झाले.

घरी येताना गाडीत वही काढून बसले. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे आणि काय नेलं ते लिहून ठेवते. पहिल्या दोन रविवारी आलेल्यांत ओळखीपाळखीचे, नात्यातले, "इतवारीचा मसाला आला" म्हणून बघायला आलेले पुष्कळ होते. नवलाईची विक्री एकदाच होते. परत किती जण येतात, ते पाहिल्याशिवाय या आकड्यांवर काही ठरवता येणार नाही.

आणि परत यायला वेळ लागतो. तिखटाची १०० ग्रॅमची पुडी चौघांच्या घरात आठ-दहा दिवसांत संपते. सावजी मसाल्याचं तसं नाही. तो रविवारच्या रश्श्याला पंचवीसेक ग्रॅम लागतो, म्हणजे पुडी महिनाभर पुरते. त्यामुळे ज्या बाईने पहिल्या रविवारी फक्त मसाला नेला, ती पाचव्या रविवारच्या आधी कशी येईल? ती आली नाही म्हणून तिला आवडला नाही असं मी आत्ताच लिहून टाकलं असतं, तर हिशेब पार चुकला असता.

दिवाळीनंतर

आठ रविवार झाले. पहिल्या चार रविवारांत आलेल्यांचाच हिशेब मांडला, कारण परत यायला पुरेसा वेळ त्यांनाच मिळाला होता. अशी १३२ घरं. त्यांतली ६१ परत आली. त्या ६१ मधून नागपूरला येणारी आमची जुनी १४ घरं काढली. उरली ४७.

मला सगळ्यात जास्त आनंद एका वेगळ्याच गोष्टीचा झाला. या ४७ पैकी २९ जणींनी दुसऱ्या खेपेला पाव किलो किंवा अर्धा किलो मागितलं. १०० ग्रॅमची पुडी माणूस चाखून बघायला घेतो. पाव किलो मागितलं म्हणजे डब्यातला जुना मसाला संपवून तिथे आपला भरायचं तिने ठरवलेलं असतं.

आता पैशांचं. रात्री मामाजींसमोर वही ठेवून मोठ्याने वाचलं. भाडं ८,०००, दुकान सांभाळणाऱ्याचा पगार १६,०००, अर्धा वेळ मदतनीस ६,०००, वीज-फोन २,०००, माल पोचवायचं भाडं ४,०००. महिन्याला ३६,०००. आमच्याकडे शंभर रुपयांच्या विक्रीत मालाचा खर्च जाऊन २४ रुपये उरतात. म्हणजे नुसतं बरोबरीला यायलाच महिन्याला दीड लाखाची विक्री हवी. परत येणारं घर महिन्याला साधारण साडेचारशेचं नेतं. त्या हिशेबाने ३३३ घरं लागतात, आणि माझ्या वहीत ४७ आहेत.

मामाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे घरं जमायला साल जाईल, बाई."

मी आठ महिने धरले आहेत. टेबल आठवड्यातून एकदाच होतं, दुकान रोज उघडं राहील. सुरुवातीला शंभर घरं आली तर पहिल्या महिन्यात सुमारे २५,००० रुपये खिशातून जातील. पुढे दर महिन्याला तूट थोडी थोडी कमी होत आठव्या महिन्यात संपली, तर सगळी मिळून लाखभराची होते. हा लाख मी भांडवलातच लिहिला. अनामत ८०,०००, फर्निचर १,१०,०००, काटे आणि पुड्या बंद करायचं यंत्र ३०,०००, माल १,२०,०००, आणि तुटीचा १,००,०००. एकूण ४,४०,०००. आमच्याच नात्यात एक दुकान चौथ्या महिन्यात बंद पडलं होतं. माल चांगला होता, जागा चांगली होती, पण सगळा पैसा उद्घाटनाच्या दिवशीच संपलेला होता. तेव्हा मी नवीन लग्न होऊन आले होते, तरी ते बंद शटर अजून डोळ्यांसमोर आहे.

कांडप यंत्र वर्ध्यात बसवायचं नाही. भाजणं, कुटणं सगळं इथेच, आणि आठवड्याला दोनदा माल जाईल.

डिसेंबर

दुकान कुणाच्या हाती द्यायचं, यावरून घरात महिनाभर ताण होता.

सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव आमच्याकडे अठरा वर्षं असलेल्या भाऊंचं. विश्वासाचा माणूस. पण दगडफूल कढईत कुठल्या रंगावर उतरवायचं, हे भाऊंना वासावरून कळतं. थोडं जास्त भाजलं तर अख्खी घाणी कडू होते. त्यांना वर्ध्याला पाठवलं तर वर्ध्याचं दुकान चालेल आणि इथली चव जाईल. मी त्यांना हे असंच सांगितलं. ते म्हणाले, "मलेही कढई सोडून जमत नसते, ताई." पगार वाढवला त्यांचा, तो हक्काचाच होता.

मग उरले दोघं. माझ्या बहिणीचा मुलगा, बी.कॉम. झालेला, आणि टेबलावर माझ्यासोबत बसणारी वर्ध्याची एक बाई, बचत गटात चार वर्षं तिखट-हळद केलेली. दोघांनाही पंधरा-पंधरा दिवस इथल्या काउंटरवर बसवलं. प्रत्येकाला १० किलो सुटं तिखट मोजून दिलं आणि सांगितलं, रोज लिहा.

भाच्याचा हिशेब चोख निघाला. १० किलो घेतलं, १० किलो विकलं, एक ग्रॅम इकडेतिकडे नाही. बाईंच्या वहीत विक्री ९ किलो ८६० ग्रॅम. खाली लिहिलेलं: ९० ग्रॅम झुकत्या मापात, ५० चाखायला आणि सांडलं.

बहिणीला वाटलं, झालं, पोराचीच निवड. पण सुटं तिखट शंभर वेळा तोललं आणि काहीच घट आली नाही, असं माझ्या पंचवीस वर्षांत झालेलं नाही. चमच्याला चिकटतं, काटा जरा झुकवावा लागतो, उडतं. मी भाच्याने भरलेल्या पाव किलोच्या सहा पिशव्या शेल्फवरून उचलून परत तोलल्या. पिशवीसकट २५० भरल्या, म्हणजे आत माल २४६-२४७. त्याने एक पैसा घेतला नव्हता. हिशेब जुळला पाहिजे हे त्याच्या मनाने इतकं घेतलं होतं, की घट त्याने नकळत गिऱ्हाइकाच्या पिशवीत ढकलली होती. त्याला जवळ बसवून दाखवलं तेव्हा पोराचे डोळे भरून आले. तो आता इथे माल पाठवायचं आणि नोंदींचं काम बघतो आणि फार छान बघतो.

वर्ध्याचं दुकान बाई सांभाळतील. पगाराशिवाय थोडी टक्केवारीही ठरवली आहे, पण ती विक्रीवर नाही, खात्यात जमा झालेल्या पैशावर. विक्रीवर दिली की उधारी वाढते. विकून मोकळं व्हायचं आणि वसुली मालकाच्या गळ्यात.

पौष सुरू व्हायच्या आधी

मामाजींचा दसरा टळला, आता ते म्हणतात पौषात काही नवं करत नाही. ते माझ्या पथ्यावरच पडलं. वसंत पंचमी धरली. मार्च ते मे घरोघरी वर्षाचं तिखट भरतात. त्याआधी महिनाभर तरी बाईंची आणि गल्लीची ओळख झाली पाहिजे. दसऱ्याला उघडलं असतं तर हिवाळाभर भाडं भरून सीझनला हात रिकामे राहिले असते.

अडचण एकच. आमची मिरचीची मोठी खरेदीही फेब्रुवारी-मार्चमध्येच असते. कळमन्याच्या बाजारात आवक वाढली की आम्ही सहा महिन्यांची मिरची एकदम उचलतो. दोन्ही खर्च एकाच वेळी आले तर हातात काहीच उरत नाही. म्हणून अनामत आणि फर्निचर दिवाळीच्या विक्रीतून आत्ताच उरकलं, आणि मिरची या वर्षी तीन खेपांत घ्यायची. तिसऱ्या खेपेला भाव चढलेला असला तर किलोमागे चार पैसे जास्त जातील. ते मी सोसायचं ठरवलं आहे.

कागदपत्रं वाटली होती तेवढी अवघड नव्हती. राज्य एकच असल्याने जीएसटी नंबर तोच, त्यात वर्ध्याची जागा वाढवायची. अन्न परवाना मात्र जागेमागे वेगळा. माणसं थोडी, त्यामुळे दुकानाची ऑनलाइन सूचना दिली की पुरे. काट्यावर वैधमापनचा शिक्का हवा.

भाडेकरार अकरा महिन्यांचा केला, एक महिन्याच्या सूचनेवर सोडता येईल असा. जूनच्या शेवटी वही उघडायची. परत येणारी २०० घरं नसली तर जागा सोडायची. हे मी लिहिलं, खाली मामाजींनी सही केली, मग ह्यांनी, मग मी. मनातून फार वाटतं की २०० व्हावीत.

आज करार झाल्यावर जागामालकांनी दोन किल्ल्या दिल्या. एक बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती लगेच पदराच्या गाठीत बांधली आणि विचारलं, "ताई, चाखायला वाटी ठेवायची ना दारात?"

ठेवायची म्हटलं. त्याची घट वेगळी लिहायची.