यमगर्णीच्या अलीकडे अडकलेली एकादशी

आषाढ वद्य एकादशी. खानापूरकडच्या वारकरी मंडळींची बस कोल्हापूर करून जोतिबाला निघालेली. निपाणी सोडल्यावर यमगर्णीजवळ पोलिसांनी गाड्या थांबवल्या, वेदगंगेचं पाणी रस्त्यावर यायला लागलं होतं. 2019 आणि 2021 च्या पुरातही हा महामार्ग याच पट्ट्यात बंद पडला होता. बस मागे फिरवून एका हॉटेलसमोर लावली. माणसं अठ्ठेचाळीस, त्यातली अकरा उपवासाची. आत आचारी मामा आणि हाताखाली एक पोरगा.

मामांनी आधी एकच विचारलं, "उपवासाचे किती ओ?" त्यांचं आधी करायचं, कारण एकदा कांदा-लसणाची फोडणी बसली की त्या भांड्यातलं उपवासाची माणसं खात नाहीत. साबुदाणा भिजायला चार-पाच तास लागतात, म्हणून वरी. शेजारच्या दुकानदारानं पोत्यातली सुटी वरी काढली, तर मामांनी ती नाकाशी धरून परत दिली. "पावसाळ्यातली सुटी वरी नको. बुरशी धरते, मग रात्रभर उलट्या." बंद पुडा आणला, तोही तारीख बघून. पाऊण किलो वरी नीट धुतली, मापाच्या तिप्पट पाणी, सैंधव, वर दाण्याची आमटी. अर्ध्या तासात अकराही जण जेवायला बसले.

बाकीच्यांना पिठलं-भात. साडेचार किलो तांदूळ एकाच पातेल्यात लावला तर तळ करपतो आणि वरचा कच्चा राहतो, म्हणून दोनदा लावला. दीड किलो बेसन आधी गार पाण्यात कालवून घेतलं आणि मग फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडलं, नाहीतर गुठळ्या. बोअरचं पाणी गढूळ येत होतं, तेव्हा प्यायचं पाणी एका शेगडीवर सतत खळखळत ठेवलेलं. घाईत पिठलं जरा सैल झालं होतं, पण कुणी तक्रार केली नाही.

भात उरला. एक काकू डब्यात भरायला लागल्या, तर मामांनी अडवलं. "सकाळपर्यंत बसमध्ये ठेवू नका, काकू. गार झालेल्या भातानं पोट बिघडतं, परत गरम केला तरी." मला ते पटलं. भातातले काही जिवाणू शिजवूनही टिकतात, आणि भात तासन्‌तास तसाच राहिला तर त्यांचं विष तयार होतं, ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये या वाटेनं बस काढणाऱ्यांनी निघायच्या आदल्या रात्री वेदगंगेच्या पाण्याची चौकशी करावी. एकादशी मध्ये येत असेल तर वरीचा बंद पुडा आणि भाजलेले दाणे सोबत ठेवावेत. अडकलात तर एका माणसानं आत जाऊन एकूण डोकी आणि उपवासाचे किती, हे वेगवेगळं सांगावं; सगळे काउंटरवर गेले की आचाऱ्याचा अर्धा तास तिथंच जातो. पैसे बसमध्येच गोळा करून सुटे द्या, पावसात नेट जातं. बिल झाल्यावर पोऱ्याच्या हातात वेगळं काहीतरी ठेवा, एवढी सगळी ताटं त्यानं एकट्यानं घासली.