नोटीसचा फोटो

फोटोत सगळ्यात स्पष्ट दिसत होती ती ट्यूबलाइट. नोटीस बोर्डाच्या काचेवर तिची पांढरी पट्टी आडवी पडली होती आणि ती नेमकी तारखांच्या ओळीवरून गेली होती. वर फोटो काढणाऱ्या पोट्ट्याच्या डोक्याची सावली, आणि खाली शेवटची ओळ फ्रेमच्या लाकडाजवळ अर्धी कापलेली. हा फोटो चार ग्रुप फिरून माझ्या भाचीकडे आला होता आणि तिच्याकडून माझ्याकडे. मागोमाग फोन.

"मामा, पाहा बरं हे. पोट्टे म्हनते का परीक्षेच्या फॉर्मची लास्ट डेट येक तारीख हाये. आन् बाबा तं सोयाबीनच्या सोंगनीत हाये. आता पैसे कोठून आनू?"

तो 25 सप्टेंबर होता, गुरुवार. भाचीचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कॉलेज अठरा किलोमीटरवर तालुक्याला. आठवड्यातून दोन-तीनदा ती एसटीनं जाते, बाकी दिवस कॉलेज तिच्यापर्यंत फोटोतूनच पोचतं. मी पंचायत समितीतून निवृत्त झालेला बाबू. तीस वर्षं अशा नोटिसा लिहिण्यात गेली, त्यामुळे घरातल्या कुणालाही सरकारी कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो.

पहिलं काम मी तिला फोटोचंच सांगितलं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून बारीक होतो. मोठ्या अक्षरांचं काही बिघडत नाही, पण आकड्यांची गाठ-वळणं पुसट होतात. "ज्यानं काढला त्याले म्हन, डॉक्युमेंट म्हनून धाड. आन् उद्या तू जाशीन तवा खालची ओळ येगळी काढजो. काचेसमोर उभी नको राहू, जराशी तिरपी राहजो." अर्ध्या तासात मूळ फोटो आला. ट्यूबलाइट तिथंच होती, पण तिच्या आजूबाजूचं आता वाचता येत होतं.

नोटीस 22 सप्टेंबरची. वरचा परिच्छेद मराठी, मधला इंग्रजी, खाली पुन्हा मराठी. याला कारण आहे. वरून आलेल्या पत्रातला इंग्रजी मजकूर बाबू जसाच्या तसा उचलतो, कारण तो भाषांतरात चुकला तर जबाबदारी त्याची. आणि आपल्या पदरचं जे असेल ते मराठीत लिहितो. मीही हेच करायचो. म्हणून असा कागद वाचताना आधी भाषा पाहावी. इंग्रजीतला नियम बहुतेक वेळा वरचा असतो. मराठीतली तारीख बहुतेक वेळा त्याच कार्यालयाची असते, आणि तिच्याविषयी खिडकीवर जाऊन बोलता येतं.

आता ती एक तारीख. मराठी परिच्छेदात आकडे देवनागरी होते, इंग्रजीत इंग्रजी. पुसट फोटोत मराठी १ आणि इंग्रजी 9 अगदी जुळे भाऊ दिसतात, आणि मराठी १ व ९ यांच्यात एका गाठीचा फरक. ती गाठ ट्यूबलाइटनं खाल्ली होती. पोट्ट्यांनी "विलंब शुल्कासह गुरुवार दि. ९/१०" हे "१/१०" असं वाचलं, त्यातलं "विलंब शुल्कासह" गाळलं आणि ग्रुपवर टाकून दिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. 1 ऑक्टोबर बुधवारी येत होता, 9 ऑक्टोबर गुरुवारी. बाबूनं तारखेआधी वार लिहिला होता म्हणून आपण वाचलो. वार लिहिणं मला पूर्वी फुकटचं वाटायचं. आकडा पुसला गेला तर तोच साक्षीदार उरतो. दुसरी साक्षही कागदातच होती. इंग्रजी परिच्छेदात विलंब शुल्काशिवायची मुदत 4 ऑक्टोबर, शनिवार, अशी स्वच्छ छापलेली होती. दंडाची मुदत बिनदंडाच्या आधी संपेल कशी?

तर परीक्षेच्या फॉर्मचा उलगडा झाला. 4 पर्यंत साधी फी, 9 पर्यंत दंडासह. भाचीला हायसं वाटलं. मी म्हटलं, थांब, अजून कागद संपला नाही.

अशा नोटिशीत क्रियापदं कर्मणी असतात. भरण्यात यावे, सादर करण्यात यावे, नोंद घेण्यात यावी. कोणी करावं, ते कुठंच नाही. सारांश करायचा म्हणजे प्रत्येक "यावे"पुढे एक माणूस उभा करायचा. "बीए भाग 1, 2 व 3" असं शीर्षक असलं तरी परीक्षेचा फॉर्म तिसऱ्या आणि पाचव्या सत्राचाच होता. ती पाचव्या सत्रात, म्हणून तिला लागू. शिष्यवृत्तीत नवीन अर्ज आणि नूतनीकरण असे दोन भाग. नवीनवाल्यांच्या कागदांची लांबलचक यादी तिच्या कामाची नव्हती, मी ती सरळ खोडली. "सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी" हेही खोडलं. नोंद घेणं हे काम नाही. मी स्वतः हे वाक्य शेकडो वेळा लिहिलं आहे, कुणी नोंद घेतल्याचं मात्र ऐकलं नाही.

"यादीतील नाव, विषय यात चूक असल्यास आठ दिवसांत कळवावे," अशी एक ओळ होती. मराठीत आठ दिवस म्हणजे आठवडा. "आठ दिवसांनी ये" म्हटलं की सोमवारचा माणूस सोमवारीच येतो. कार्यालयात मात्र कुणी बोटं मोजून आठही करील. शिवाय मोजायचे कुठून? नोटिशीच्या तारखेपासून, की बोर्डावर लागली त्या दिवसापासून? ती कधी लागली ते फोटोत दिसत नाही. अशा ठिकाणी मी सगळ्यात आधीची तारीख धरतो. 22 पासून आठवडा, म्हणजे 29 सप्टेंबर, सोमवार. तसंच शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रिंट कार्यालयात देण्यासाठी "१० तारखेच्या आत" आणि इंग्रजीतलं "ऑन ऑर बिफोर" हे एकाच मुदतीसाठी दोन जागी होतं. इंग्रजीत 10 तारीख धरून आहे. मराठीत धरून आहे की नाही यावर खिडकीशी भांडण होऊ शकतं. भांडणापेक्षा 9 बरी.

मग ती ओळ आली जिला तारीखच नव्हती. आधार बँक खात्याला "सीड" असल्याची विद्यार्थ्यानं खात्री करावी, असं इंग्रजीत. भाची म्हणाली, "माहं आधार तं खात्याले जोडलं हाये." जोडलेलं असणं वेगळं आणि सीड असणं वेगळं. बँकेत केवायसीला आधार दिला की ते त्या खात्याला जोडलं जातं. पण आधारवर येणारा सरकारी पैसा कोणत्या बँकेत जायचा, याची नोंद बँकांमधले पैशाचे व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यादीत असते, आणि तिथं एका आधारला एकच बँक, जी शेवटी सीड झाली ती. भाचीची दोन खाती आहेत. पैसा तिसऱ्याच्या घरी जात नाही, पण आपल्याच विसरलेल्या खात्यात जाऊन बसतो आणि घरचे म्हणतात शिष्यवृत्ती आलीच नाही. या ओळीला तारीख आपणच द्यायची. 27 सप्टेंबर हा चौथा शनिवार, बँक बंद. मग उद्याच, शुक्रवारी.

सगळ्यात मोठी अडचण इंग्रजीतल्या एका अर्ध्या ओळीत लपली होती: उत्पन्नाचा दाखला 31 मार्च 2026 पर्यंत वैध हवा. घरचा दाखला काढायला लावला. प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला, शिक्क्यासकट, आणि त्याची मुदत 31 मार्च 2025 लाच संपलेली. नवा काढायचा तर तलाठ्याचा अहवाल, रेशन कार्ड, स्वयंघोषणापत्र, सेतू केंद्रात अर्ज, आणि तहसील कार्यालयाला त्यावर पंधरा दिवसांची मुदत. 26 ला अर्ज टाकला तर पंधरा दिवस भरतात 11 ऑक्टोबरला. कॉलेजची मुदत 10, आपण धरलेली 9. म्हणजे या कामाची खरी तारीख नोटिशीत नव्हतीच. ती मागे मोजत गेल्यावर सापडली, आणि सापडली तेव्हा उलटून गेलेली होती.

अशा वेळी दोन गोष्टी करायच्या. पंधरा दिवस ही कमाल मुदत आहे, म्हणून अर्ज त्याच दिवशी टाकायचा आणि तलाठ्याला आधी गाठायचं. आणि अर्जाची पावती घेऊन कॉलेजच्या बाबूला विचारायचं, ही लावून प्रिंट ठेवता का, दाखला मागून देते. (दाखला 8 तारखेला हाती आला. पावतीची गरज पडली नाही, पण ती घेतली होती म्हणून भाची त्या दिवसांत झोपली.)

शुक्रवारी तिनं खालच्या ओळीचा फोटो पाठवला, तिरपं उभं राहून, ट्यूबलाइट चुकवून. कापलेली ओळ अशी: "टीप: शनिवारी कार्यालय दुपारी १ वाजेपर्यंतच सुरू राहील." टीप म्हणून खाली लिहिलेलं वाक्य बाबूला शेवटच्या क्षणी आठवलेलं असतं, आणि माणसाची फेरी वाया जाते ती बहुधा त्याच वाक्यामुळे. भाचीची सकाळची गाडी तालुक्याला पोचते साडेअकराला, खिडकीवर शेवटच्या दिवसाची रांग. म्हणजे शनिवार 4 तारीख तिच्यासाठी नव्हतीच. शुक्रवार 3? आदल्या दिवशी दसरा. दीक्षाभूमीहून परतणाऱ्यांनी गाड्या भरलेल्या, आमच्या फाट्यावर एसटी थांबेलच असं नाही. गुरुवारी 2 तारखेला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, सुट्टी. मागे सरकत सरकत मी बुधवारवर येऊन थांबलो.

संध्याकाळी तिला मेसेज लिहिला. महिना अक्षरात, वार सोबत, आणि दोन तारखा वेगवेगळ्या, कागदाची आणि आपली:

आधार सीडिंग, बँकेत विचारणे: कागदाची तारीख नाही. आपली 26 सप्टेंबर, शुक्रवार. झालं.
उत्पन्नाचा दाखला, सेतूत अर्ज: कागदाची तारीख नाही. आपली 26 सप्टेंबर, शुक्रवार. झालं, पावती जपणे.
यादीत नाव व विषय पाहणे: कागदाची "आठ दिवसांत". आपली 29 सप्टेंबर, सोमवार.
परीक्षा फॉर्म, फी भरणे: कागदाची 4 ऑक्टोबर, शनिवार, 1 वाजेपर्यंत. आपली 1 ऑक्टोबर, बुधवार. पैसे मंगळवारी बाबांकडून.
शिष्यवृत्तीची प्रिंट, दाखल्यासह कार्यालयात: कागदाची 10 ऑक्टोबर, शुक्रवार. आपली 9 ऑक्टोबर, गुरुवार.

भाचीनं तो मेसेज जसाच्या तसा वर्गाच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत तिचा फोन.

"मामा, पोट्टे हासून राह्यले."

"काहून?"

"म्हन्ते, फॉर्मची येक तारीखच निघाली ना शेवटी? आमी पैलेच सांगतलं होतं."